मदत हवी आहे: ध्येय-निश्चितीच्या एमसीक्यूचं उत्तर ‘क’ कसं?

सानिका_एस
उद्या ऑर्गनायझेशनल बिहेवियरचा पेपर आहे. मोटिव्हेशनच्या सराव संचात मी ‘अ’ निवडलं, आन्सर की ‘क’ म्हणते. ध्येय अवघड केलं की कामगिरी वाढते, हे पटत नाही. व्रूमचा अपेक्षा सिद्धांत तर उलटं सांगतो. लवकर सांगा.

पाटीवाला
पर्याय दिल्याशिवाय काय सांगणार? शब्द जसेच्या तसे टाका. या प्रश्नात सगळा घोळ शब्दांतच असतो.

सानिका_एस
अ) सोपी ध्येयं लवकर स्वीकारली जातात, म्हणून कामगिरी जास्त होते. ब) ‘जमेल तेवढं उत्तम करा’ हे ध्येय पुरेसं असतं. क) अवघड ध्येय स्वीकारलं गेलं तर सोप्या ध्येयापेक्षा जास्त कामगिरी होते. ड) सर्वांनी मिळून ठरवलेलं ध्येय नेहमीच वरचढ ठरतं.

दिनकर_ना
रोज पहाटे दोन प्रकरणं, आठवड्याला एक उजळणी. ध्येय मोजता येईल असं लिहून भिंतीवर लावा.

पाटीवाला
दिनकरराव, त्यांनी अभ्यासाचं वेळापत्रक विचारलेलं नाही.

सानिका, ‘अ’चा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, सोपं ध्येय लवकर मान्य होतं. चूक ‘म्हणून’मध्ये आहे. मान्य होणं आणि जास्त काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी. अर्ध्या तासात 5 गणितं सोडवायचं ध्येय असलेला पाचवं संपलं की हात आखडता घेतो. ज्यानं 9 मनापासून मान्य केली, तो 7वर थांबला तर ध्येय चुकलं, पण काम दोनने जास्तच झालं. प्रश्न कामगिरीचा आहे, ध्येय गाठलं का याचा नाही.

सानिका_एस
मग व्रूमचं काय? यशाची शक्यता कमी तर प्रयत्न कमी, असंच ना?

पाटीवाला
एकच ध्येय असलेल्या माणसांत व्रूम लागू पडतो. 9 गणितांच्या गटात ज्याला स्वतःवर जास्त भरवसा, तो जास्त करतो. पण 5वाला गट आणि 9वाला गट यांची तुलना केली की 9वाल्यांना यशाची शक्यता कमी दिसते, तरी काम त्यांचं जास्त. ध्येय-निश्चितीचा सिद्धांत मांडणारे लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986मध्ये हा गुंता असाच सोडवला. मात्र ध्येय कुवतीच्या बाहेर गेलं की वाढ थांबते आणि माणसानं ते मनातून नाकारलं की घसरण होते. म्हणून पर्यायात ‘स्वीकारलं तर’ आहे का ते आधी शोधायचं.

‘ब’ साठी लॅथम आणि बाल्डेस यांचा 1975चा ओक्लाहोमातला अभ्यास लक्षात ठेवा. ओंडके वाहणारे ट्रकवाले कायद्यानं चालेल त्या कमाल वजनाच्या सुमारे 60 टक्केच माल भरायचे. त्यांना 94 टक्क्यांचं ध्येय दिलं. बक्षीस पैशांचं नव्हतं, फक्त शाबासकी. पहिल्या महिन्यात 80च्या आसपास गेले, दुसऱ्यात 70पर्यंत घसरले, तिसऱ्यात 90च्या घरात पोचले आणि तिथेच टिकले. दुसऱ्या महिन्यातली घसरण म्हणजे कमी भरल्यास शिक्षा करत नाहीत हे खरं आहे ना, याची ट्रकवाल्यांनी घेतलेली परीक्षा, असा अर्थ संशोधकांनी लावला. काहींनी तर वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकच्या पुढच्या खुंटांत बदल केले. ‘जमेल तेवढं’ म्हटलं की 60सुद्धा उत्तमच वाटतं. नेमका आकडा असला की कमतरता दिसते आणि माणूस युक्ती शोधतो.

मेधा_वि
हे ठीक, पण ‘ड’ इतक्या सहज का उडवता? माणसांना विचारून ठरवलं तरच ती ध्येय स्वीकारतात. मिरियम एरेझ यांनी इस्रायलमध्ये हेच दाखवलं आहे.

पाटीवाला
आणि लॅथमना तसा फरक दिसेना. म्हणून लॉक यांना मध्यस्थ घेऊन दोघांनी एकत्र प्रयोग केले, 1988मध्ये ते छापून आले. एरेझच्या प्रयोगात वरून आलेलं ध्येय कोरडेपणानं सांगितलं जायचं. लॅथम कारण सांगायचे आणि ‘तुम्हाला जमेल’ म्हणायचे. कारण सांगितलं की वरून आलेलं ध्येयही जवळपास तितकंच चाललं. ‘ड’ पडतो तो ‘नेहमीच’मुळे.

मेधा_वि
कारण सांगणारे वरिष्ठ प्रयोगशाळेत भेटतात. शिवाय चर्चेत कामाच्या नव्या पद्धती सुचतात, तो फायदा वेगळा. परीक्षेपुरतं मान्य, कारखान्यापुरतं नाही.

बाजारपेठ
आमच्याकडे नव्या सेल्सवाल्यांना पहिल्याच महिन्यात अवघड टार्गेट देतात आणि ती मुलं गोंधळतात. तुमचा सिद्धांत इथे का चालत नाही?

पाटीवाला
काम अंगवळणी पडलेलं नाही म्हणून. कॅन्फर आणि अॅकरमन यांनी 1989मध्ये अमेरिकी हवाईदलाच्या प्रशिक्षणार्थींना हवाई वाहतूक नियंत्रणाचं नकली काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच दिलेल्या आकड्यानं कामगिरी बिघडली, कारण लक्ष आकड्याकडे गेलं. सुरुवातीला ‘ग्राहक नकार देतो त्याची चार कारणं शोधा’ असं शिकण्याचं ध्येय द्या, विक्रीचा आकडा नंतर.

सानिका_एस
‘क’ कळलं. अजून एका प्रश्नात ‘फीडबॅक नसला तरी अवघड ध्येय तितकंच काम करतं’ असं आहे. ते चूकच ना?

पाटीवाला
चूक. ट्रकचं वजन काट्यावर कळलं नसतं, तर 94 हा आकडा असून काय उपयोग?

मेधा_वि
आणि तो काटा कोणाच्या हातात आहे, यावरही स्वीकार ठरतो. ते मात्र तुमच्या पर्यायांत कुठेच नाही.