आजाराचं नाव ऑफिसच्या ग्रुपवर का टाकायचं?

सातची_लोकल: ऑफिसात आज नोटीस लागली. "आजारपणाची रजा दोन दिवसांपेक्षा जास्त असल्यास आजाराचे नाव असलेला डॉक्टरी दाखला बंधनकारक. दाखल्याचा फोटो टीमच्या ग्रुपवर टाकावा." हे नियमात बसतं का?

मनुष्यबळ_पुणे: तिसऱ्या दिवशी दाखला मागणं रास्त आहे. माझा राग ग्रुपवर आहे. मी स्वतः एचआरमध्ये आहे, अशा नोटिसा मीच काढते. टीम लीडला एवढंच कळायला हवं की माणूस कधी परत येणार. दाखला रजा मंजूर करणाऱ्या एकाच व्यक्तीच्या मेलवर जावा. तिने तारखा, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक बघावा. रजेच्या नोंदीत फक्त तारखा चढाव्यात. हिशेब मिटला की प्रत काढून टाकावी. आणि ही प्रत कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे नोटिशीतच लिहिलेलं हवं.

शिफ्ट_सुपरवायझर: मॅडम, एसीत बसून हे बोलणं सोपं आहे. आमच्याकडे सोमवारी निम्मी शिफ्ट आजारी असते. पैसे टाकले की दाखला देणारे दवाखाने स्टँडसमोरच आहेत. आजारच कळला नाही तर खोटेपणा पकडायचा कसा?

दवाखाना_सांगली: खोट्या दाखल्यावरही आजाराचं नाव असतंच, तेही झोकात. पकडायचं तर नोंदणी क्रमांक वैद्यक परिषदेच्या यादीशी ताडून बघा. पण 'डॉक्टरांनी आजार लिहूच नये' म्हणणाऱ्यांनाही सांगतो, आमच्या 2002 च्या नियमावलीतल्या रजेच्या दाखल्याच्या नमुन्यात आजाराची जागा आहे. त्याच नियमावलीने पेशंटचं गुपित राखायचं बंधनही घातलंय. म्हणून दाखला मी पेशंटच्या हातात देतो. कंपनीतून फोन आला तर पेशंटची परवानगी असेल तरच 'हो, दाखला माझा आहे' एवढं सांगतो.

लीड्सकर: इंग्लंडमध्ये पहिले सात दिवस माणूस स्वतःच लिहून देतो, डॉक्टर लागतच नाही. पुढच्या चिठ्ठीवरही आजार नसतो. आपल्याकडे विश्वास नावाची गोष्टच नाही.

बदलापूर_बाई: चिठ्ठीवर आजार असतो. माझी बहीण तिकडेच नर्स आहे. उगाच ठोकून देऊ नका.

लीड्सकर: असतो, बरं. सात दिवसांचं मात्र खरं आहे.

बदलापूर_बाई: आता माझं ऐका. आमच्याकडेही असाच ग्रुप होता. माझ्या दाखल्यावर गर्भपात लिहिलेलं होतं. साहेब म्हणाले, फोटो टाका, मी टाकला. संध्याकाळपर्यंत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. टीममधली एक जण माझ्या नणंदेची मैत्रीण. सासूबाईंना मी सांगायच्या आधीच सगळं कळलं होतं. वर ते दिवस आजारपणाच्या रजेतून कापले.

मनुष्यबळ_पुणे: ताई, कापायलाच नको होते. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल, तर गर्भपातानंतर पुरावा दिल्यावर कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती वेगळी असते.

बदलापूर_बाई: हे तेव्हा एकानेही सांगितलं नाही.

शिफ्ट_सुपरवायझर: हे वाईट झालं, ताई. ग्रुपवर टाकायला लावू नये, मानलं. दाखला मात्र मी मागणारच.

युनियन_ठाणे: मुळात आजारपणाची रजा कायद्याने मिळतेच, मग दाखला कशाला?

मनुष्यबळ_पुणे: दुकानं-आस्थापनांच्या 2017 च्या महाराष्ट्र कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आजारपणाची वेगळी रजा नाही. ती कंपनीच्या धोरणातून येते. ईएसआयवाल्यांचं वेगळं. पगाराच्या 70 टक्के भत्ता, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी ईएसआयच्याच डॉक्टरांचा दाखला लागतो.

युनियन_ठाणे: आठच? मग मालकांना रान मोकळं आहे, असंच म्हणा ना.

सातची_लोकल: एक राहिलं. मला शुक्रवारी ताप आला, शनि-रवि सुट्टी, सोमवारी पण गेलो नाही. हे दोन दिवस की चार?

शिफ्ट_सुपरवायझर: चार. मधली सुट्टी धरतातच.

युनियन_ठाणे: कुणी ठरवलं? साप्ताहिक सुट्टी माझ्या हक्काची आहे! रविवार रजेत गिळायचा आणि वर दाखलाही मागायचा? ही सरळ लूट आहे.

मनुष्यबळ_पुणे: नोटिशीत 'कामाचे दिवस' की 'सलग दिवस' हे लिहिलेलं नाही, भांडण तिथेच आहे. मी कामाचे दिवस धरते. म्हणजे तुमचे दोनच, दाखला नको. सलग धरले तर चार, आणि दाखला हवा.

दवाखाना_सांगली: आणि तुम्ही मंगळवारी माझ्याकडे आलात, तर मी तपासणीची तारीख मंगळवारचीच टाकणार. 'शुक्रवारपासून ताप असल्याचे पेशंट सांगतो' एवढं लिहीन, मागची तारीख नाही.

शिफ्ट_सुपरवायझर: तो दाखला मी परत पाठवेन.

दवाखाना_सांगली: पाठवा. खरा दाखला तसाच असतो. मागच्या तारखेचा हवा असेल तर स्टँडसमोरच जावं लागेल.

युनियन_ठाणे: रविवारचं बोला आधी!