आधीचं बाळ आठव्या महिन्यात झालं. आता प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यावं की कॅप्सूल?

केळापूरची_ताई
धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २४, सासर मारेगाव तालुक्यातल्या खेड्यात, घरची शेती. पहिलं बाळ ३१ आठवड्यांचं झालं, दीड किलोचं. बरेच दिवस पेटीत होतं. आता पोरगा अडीच वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो. तिला पुन्हा दिवस गेलेत. सोनोग्राफीप्रमाणे १५ आठवडे झालेत, एकच बाळ आहे.

तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घ्या. यवतमाळच्या मॅडम म्हणतात इंजेक्शन नको, आधी आतून सोनोग्राफी करू, गरज वाटली तर रात्री झोपताना खालून कॅप्सूल ठेवायची. सासूबाईंचं तिसरंच, "खालून काई ठेवसान तं पिशवीले धक्का बसन." बहीण रडकुंडीला आलीय. कुणाचं ऐकावं?

मेघना_नागपूर
अगं घाबरू नका. मला पण तिसऱ्या महिन्यात डाग दिसत होते, दोन महिने प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या, मुलगी पूर्ण दिवसांची झाली. गोळीच द्या, इंजेक्शनचा त्रास कशाला?

केळापूरची_ताई
मेघनाताई, हिला डाग वगैरे काही नाही. आधीचं बाळ लवकर झालं म्हणून विचारतेय.

औषधवाला_अकोट
मेडिकल चालवतो म्हणून सांगतो. ते साप्ताहिक इंजेक्शन अमेरिकेत २०२३ मध्ये बाजारातून काढलं. तेव्हा तो विषय संपला. कॅप्सूल मात्र एकच असते, पाकिटावर बघा, तोंडाने घ्या नाहीतर खालून ठेवा, दोन्ही चालतं. सासूबाईंची अडचण आहे तर तोंडाने गिळू द्या, हाय काय अन् नाय काय.

डॉ_हिंगणघाट
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, वर्धा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात काम केलंय. ताई, औषध कोणतं हा दुसरा प्रश्न. आधी एक सांगा, पहिलं बाळ लवकर *का* झालं? कळा आपोआप सुरू झाल्या का, पाणी आधी गेलं का, की बीपी वाढलं किंवा बाळाची वाढ थांबली म्हणून डॉक्टरांनीच बाळंतपण केलं? डिस्चार्ज कार्ड शोधा आणि बघून लिहा. बीपीमुळे बाळ काढावं लागलं असेल, तर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग नाही. ते औषध आपोआप लवकर होणाऱ्या बाळंतपणासाठी आहे.

केळापूरची_ताई
कार्ड सापडलं, पत्र्याच्या पेटीत पासबुकाखाली होतं. मध्यरात्रीपासून कळा होत्या, सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा पिशवीचं तोंड ७ सेंमी उघडलेलं. बीपी ११०/७०. पाणी दवाखान्यात गेलं. बाळाची वाढ ठीक लिहिली आहे.

डॉ_हिंगणघाट
मग ही अगदी तीच बाई, जिच्यासाठी हा विचार करायचा असतो: एकच बाळ पोटात, आणि आधीचं ३४ आठवड्यांच्या आत आपोआप झालेलं.

इंजेक्शनबद्दल अकोटच्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे. २००३ मध्ये अमेरिकेत एक चाचणी झाली. आधीचं बाळ लवकर झालेल्या बायकांना दर आठवड्याला २५० मिलिग्रॅम इंजेक्शन दिलं. ३७ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्या शंभरात ५५ वरून ३६ वर आल्या. त्याच जोरावर ते जगभर वापरात आलं, आपल्याकडेही रुळलं. पुढे १,७०० बायकांची मोठी चाचणी झाली, त्यात हे इंजेक्शन आणि औषध नसलेलं नुसत्या तेलाचं इंजेक्शन यांत फरकच दिसला नाही. म्हणून अमेरिकेने ते काढलं, युरोपनेही २०२४ मध्ये थांबवायला सांगितलं. तालुक्याचे डॉक्टर चुकीच्या हेतूने सांगत नाहीत, ते शिकले तेव्हा हेच शिकवत होते. मी स्वतः आता नव्याने ते सुरू करत नाही.

गिळण्याबद्दल मात्र भाऊ, नाही. गिळलेलं प्रोजेस्टेरॉन बरंचसं यकृतातच मोडतं, वर झोप येते, चक्कर येते. खालून ठेवलेलं सरळ पिशवीपाशी पोचतं. तोंडावाटेच्या काही छोट्या चाचण्या आहेत, पण मी त्यांवर विसंबणार नाही. सासूबाईंना सांगा, कॅप्सूल पिशवीच्या तोंडाशी विरघळते, पिशवीच्या आत जातच नाही.

आता खरी गोष्ट. यवतमाळच्या मॅडमनी आतली सोनोग्राफी सांगितली ती पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायला. सहसा ती ३५ मिमीच्या आसपास असते. २५ किंवा त्याहून कमी असेल तर प्रोजेस्टेरॉनचा फायदा सगळ्यांत स्पष्ट दिसतो. एक बाळ आणि आखूड तोंड असलेल्या बायकांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तर औषधाविना शंभरातल्या २२ जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या, औषध घेणाऱ्यांतल्या १४. म्हणजे फायदा आहे, पण हमी नाही. औषध घेऊनही काहींची लवकर होतेच.

औषधवाला_अकोट
गिळण्याचं मान्य. पण डॉक्टर, पोटावरून सोनोग्राफी झालीच आहे की, त्यात लांबी लिहिलेली असते.

डॉ_हिंगणघाट
पोटावरून मोजलेल्यावर भरवसा ठेवू नका. लघवीची पिशवी भरलेली असली की गर्भपिशवीचं तोंड दाबलं जाऊन लांब दिसतं, आणि आखूड असेल तेच नजरेतून सुटतं. आतून मोजताना लघवी करून जायचं. दुखत नाही, बाळालाही धोका नाही. १६ ते २४ आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी मोजायचं, कारण आज ठीक असलेलं तोंड पंधरा दिवसांत आखूड होऊ शकतं.

आशा_वणी
ताई, मी आशा सेविका आहे. आमच्या इकडे आतून सोनोग्राफी सगळीकडे नाही होत, जाण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर अख्खा दिवस वाया जातो. आधार कार्ड सोबत ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात जोखमीच्या बायांची तपासणी असते, तिथे तिचं नाव "आधी अपुऱ्या दिवसांचं बाळ" म्हणून नोंदवा. लघवीची तपासणी पण करून घ्या. माह्या एका बाईला काही त्रास नव्हता, अन् लघवीत जंतू निघाले.

केळापूरची_ताई
आज १७ आठवडे. यवतमाळला जाऊन आलो. तोंडाची लांबी ३१ मिमी. लघवी साफ. मॅडम म्हणाल्या आता औषध नको, पंधरा दिवसांनी या. मला मात्र धाकधूक. आत्ताच सुरू केलं तर काय बिघडतं?

डॉ_हिंगणघाट
इथे डॉक्टरांमध्येच एकमत नाही. काही जण आधीचा इतिहास पुरेसा मानून १६ आठवड्यांपासून सुरू करतात, काही २५ मिमीपर्यंत थांबतात. तोंड लांब असताना फायदा किती, हे पुराव्यात धूसर आहे. मी अशा बाईपुढे दोन्ही पर्याय ठेवते आणि तिला निवडू देते. तुमच्या मॅडमचं थांबणं चुकीचं नाही, फक्त पंधरा दिवसांची तारीख चुकवू नका. यवतमाळची फेरी जमत नसेल, तर आधीच सुरू करण्याकडे माझा कल राहील.

मेघना_नागपूर
तोवर पूर्ण झोपून राहायचं ना? माझ्या वहिनीला पलंगावरून उतरू दिलं नव्हतं.

डॉ_हिंगणघाट
नाही. दिवसभर पडून राहिल्याने बाळंतपण पुढे जातं याला पुरावा नाही, उलट पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. घरातलं हलकं काम चालेल. पाण्याचे हंडे, सरपणाच्या मोळ्या आणि उन्हातलं शेत बंद.

केळापूरची_ताई
१९ आठवड्यांना ३० होतं, आज २१ आठवड्यांना २२ मिमी निघालं. मॅडमनी रात्री २०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल खालून सुरू केली, ३४ आठवड्यांपर्यंत. पिशवीच्या तोंडाला टाका घालून ते बांधायचाही पर्याय सांगितला, पण आता कॅप्सूल करू म्हणाल्या. टाका नको म्हणणं बरोबर आहे का?

डॉ_हिंगणघाट
आधीचं लवकर झालेलं आणि आता तोंड २५ च्या आत, अशा बाईला टाका आणि कॅप्सूल दोन्ही योग्य पर्याय आहेत. एकच खात्रीने सरस असं मी म्हणणार नाही. टाक्याला भूल आणि दवाखाना लागतो, तर कॅप्सूल रोज आठवणीने ठेवावी लागते. कॅप्सूल चालू असताना लांबी आणखी घटली किंवा तोंड उघडू लागलं, तर टाक्याचा विचार पुन्हा करता येतो, तोही साधारण २४ आठवड्यांच्या आतच. म्हणून पुढची तपासणी मॅडमना विचारून एका आठवड्यातच घ्या.

ठेवायचं असं: हात साबणाने धुवायचे, लघवी करून यायचं, उताणं झोपून गुडघे वाकवायचे आणि कॅप्सूल बोट जाईल तितकी आत सरकवायची. मग उठायचं नाही, तशीच झोप. सकाळी थोडं तेलकट, पांढरट बाहेर येतं, ते वाया गेलं असं समजून दुसरी ठेवू नये. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नाही, एकच. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

औषधवाला_अकोट
एक माझ्या धंद्यातलं. आता एप्रिल लागला. ४३ डिग्रीत या मऊ कॅप्सूल चिकटतात, फुटतात. पत्र्याच्या छताखाली देवळीत ठेवू नका. पाकीट डब्यात घालून माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. वाकडी झालेली, तेल सुटलेली वापरू नका. एका वेळी पंधरा दिवसांचीच घ्या.

केळापूरची_ताई
सासूबाई तिची कॅप्सूल पाहून म्हणाल्या, "एवढंसं आहे होय!" आता त्याच रात्री आठवण करतात. एक शंका: पांढरं जाणं आणि पाणी जाणं, दोन्ही ओलंच. खेड्यात रात्री ओळखायचं कसं?

डॉ_हिंगणघाट
कॅप्सूलचं दाटसर, चिकट, थोडं थोडं आणि बहुतेक सकाळी. पाणी पातळ असतं, पॅड पुन्हा पुन्हा भिजतं, खोकल्यावर किंवा उठल्यावर वाढतं. शंका आली की कोरडं पॅड लावून तासभर बघा. भिजलं तर वाट पाहू नका. तसंच पोट राहून राहून कडक होत असेल, कंबर खाली ओढत असेल किंवा रक्त दिसलं, तर लगेच १०८ ला फोन. कळा सुरू झाल्यावर ही कॅप्सूल त्या थांबवत नाही, म्हणून "आधी आजची ठेवू, मग बघू" असं करू नका. ३४ आठवड्यांच्या आत अशी वेळ आली, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं लागतात. निघतानाच फोनवर विचारा की ती कुठे मिळतील आणि नवजात अतिदक्षता कक्ष कुठे आहे. गाडी थेट तिकडेच वळवा.

आशा_वणी
ताई, गाडीवाल्याचा नंबर अन् जुनं कार्ड एकाच पिशवीत ठेवा. तुमच्या गावच्या आशाला तिचे आठवडे सांगून ठेवा. "सातवा महिना" सांगितलं की प्रत्येकाचा हिशोब वेगळा निघतो, आठवडेच सांगा.

केळापूरची_ताई
सांगून ठेवलं. २२ आठवड्यांची तपासणी सोमवारी आहे, मोजमाप इथेच टाकते. टाक्याचं तेव्हा ठरेल.