सहा बागायतदार, एसयूएस ६८.७५ : अर्थ काय लावायचा?

पेटी_हिशेब
देवगड-जामसंड्याच्या हापूस बागायतदारांसाठी पेट्यांची नोंद आणि दलालाकडचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप आहे. सहा जणांकडून फोनवर तीन कामं करून घेतली आणि लगेच एसयूएसची, म्हणजे अ‍ॅप वापरायला किती सोपं वाटलं ते मोजणाऱ्या प्रश्नावलीची, दहा विधानं मराठीत भरून घेतली. प्रत्येक विधानाला १ म्हणजे अजिबात पटत नाही ते ५ म्हणजे पूर्ण पटतं असं उत्तर. एकाची उत्तरं अशी: ४, २, ४, ३, ४, २, ४, २, ४, २. साधी बेरीज ३१, म्हणजे ५० पैकी ६२ टक्के. ऑनलाइन कॅल्क्युलेटर मात्र ७२.५ दाखवतो. खरं कुठलं? सहाही जणांचे कॅल्क्युलेटरवरचे गुण ८५, ७७.५, ७२.५, ६७.५, ६० आणि ५० आहेत, सरासरी ६८.७५. ज्यांचं अ‍ॅप आहे त्यांना काय सांगू?

सड्यावरचा
६८ म्हणजे फर्स्ट क्लास! सांगा बिनधास्त, पास झालात म्हणून.

खाडीपलीकडे
७२.५ बरोबर. विषम क्रमांकाची विधानं अ‍ॅपच्या बाजूची आहेत आणि सम क्रमांकाची विरुद्ध, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. विषम उत्तरातून १ वजा करा, सम उत्तर ५ मधून वजा करा. तुमच्या माणसाचे विषमचे १५ आणि समचे १४ होतात. एकूण २९, गुणिले २.५, म्हणजे ७२.५. उत्तरं B ते K रकान्यांत असतील तर:

```
=2.5*(20+B2+D2+F2+H2+J2-C2-E2-G2-I2-K2)
```

आधी प्रत्येकाचे गुण काढायचे, मग सरासरी.

सड्यावरचा, हे गुण ० ते १०० असले तरी टक्के नाहीत. जुन्या शेकडो चाचण्यांची सरासरी ६८ च्या आसपास येते. म्हणजे ६८ मिळवणारं अ‍ॅप साधारण मधोमध असतं, पहिल्या वर्गात नव्हे.

होमस्टे_मालवण
आमच्या बुकिंगच्या वेबसाइटसाठीपण असाच फॉर्म हवाय. फुकटात कुठे बनवता येतो?

खाडीपलीकडे
गुगल फॉर्ममध्ये होईल. फक्त विधानांची अदलाबदल करू नका, नाहीतर वरचं सूत्र कोलमडेल.

पेटी_हिशेब, सहा माणसांवर दशांश दाखवण्यात अर्थ नाही. तुमच्या आकड्यांचं प्रमाण विचलन सुमारे १२.५ येतं. त्याला सहाच्या वर्गमुळाने भागून सहा जणांसाठीच्या २.५७ या गुणकाने गुणलं की १३ च्या आसपास येतात. म्हणजे ९५ टक्क्यांच्या हिशेबाने खरी सरासरी ५६ ते ८२ मध्ये कुठेही असू शकते. अहवालात "सुमारे ६९, पल्ला ५६ ते ८२" असं लिहा. "सरासरीपेक्षा वर" हे वाक्य या आकड्यांवर उभं राहत नाही.

आणि तो ५० वाला कागद काढून बघा. सगळीकडे एकच आकडा आहे का?

पेटी_हिशेब
हो, दहाही ठिकाणी ४! वयस्कर गृहस्थ आहेत, विधानं मुलाने वाचून दाखवली.

खाडीपलीकडे
एकच आकडा दहा वेळा भरला की गुण नेहमी ५० च येतात, १ भरा नाहीतर ५. "अ‍ॅप वापरायला सोपं वाटलं" याला ४ आणि "उगाच गुंतागुंतीचं वाटलं" यालाही ४, हे एकाच तोंडचं मत असणं कठीण. वाचून दाखवताना समोरचा भिडेखातर हो हो म्हणत जातो, हेही कारण असू शकतं.

आकडेमोड_रत्नागिरी
मग काढून टाका तो. पाच जणांची सरासरी ७२.५ होते. शिवाय ४ आणि १० ही विधानं वेगळी काढली तर शिकायला किती सोपं तेही कळतं.

खाडीपलीकडे
४ आणि १० ची विभागणी २००९ मध्ये मांडली गेली खरी, पण ती मांडणाऱ्यांनीच २०१७ मध्ये जास्त माहितीवर तपासली तेव्हा टिकली नाही. विधानं अनुकूल आणि प्रतिकूल अशाच दोन गटांत पडली. सहा जणांवर तर ती नकोच.

काढून टाकण्याबद्दल मी साशंक आहे. पाच जणांवर पल्ला ६१ ते ८४ होतो, म्हणजे फारसं काही उकलत नाही. आणि चष्मा लावून फोन वाचणारा हाच तुमचा खरा वापरणारा असेल तर? दोन्ही आकडे द्या, कारण लिहा.

आकडेमोड_रत्नागिरी
माका नाय पटणा. भरवशाचं नाही ते उत्तर मोजायचंच कशाला?

पेटी_हिशेब
त्यांच्याकडून फॉर्म परत भरून घेऊ का?

खाडीपलीकडे
मुलाशिवाय, आणि तीन कामं पुन्हा करून घेतल्यावर लगेच. नुसता फोन करून भरून घेतलात तर अ‍ॅपपेक्षा आठवणीलाच गुण मिळतील. दुसऱ्यांदा वापरल्यामुळे गुण थोडे चढू शकतात, म्हणून ते पहिल्या सहांत मिसळू नका. आणि ते कुठल्या पडद्यावर अडले ते लिहून ठेवा. काय दुरुस्त करायचं ते एसयूएस सांगत नाही.