मदत हवी आहे: मोठ्या विहिरीच्या पंपिंग टेस्टवरून ट्रान्समिसिव्हिटी कशी काढावी?

सिन्नरजवळ बेसॉल्टमधली ६ मीटर व्यासाची गोल, उघडी विहीर आहे. ३ तास पंप चालवला. डिस्चार्ज ताशी २० घनमीटर. २०० लिटरचा ड्रम ३६ सेकंदांत भरत होता, शेवटपर्यंत तसाच. ड्रॉडाऊन १.८ मीटर आला.

कूपर-जेकबची रेघ मारली, पण त्या T वर माझा विश्वास नाही. उपसलेल्या ६० घनमीटरपैकी जवळपास ५१ विहिरीतल्या साठ्यातूनच गेले, खडकातून जेमतेम ९ आले. म्हणजे त्या रेघेत विहिरीचा साठाच दिसतोय. साठ्याचा परिणाम ओसरेपर्यंत पंप चालवायचा तर काही दिवस लागतील, आणि इथे सलग वीज ८ तासांच्या वर मिळत नाही.

पंप बंद केल्यावर ६ तासांत पाणी निम्मे भरून आले. स्लिक्टरच्या सूत्राने विशिष्ट क्षमता दर मीटर ड्रॉडाऊनला ताशी साधारण ३.३ घनमीटर येते. पंपिंगच्या वेळच्या ९ घनमीटरशी ती छान जुळते, त्यामुळे मोजमाप ठीक वाटते.

पण ही विशिष्ट क्षमता, T नव्हे. पापाडोपुलोस-कूपरचे वक्र लावले तर सुरुवातीच्या सरळ भागावर बरेच वक्र सारखेच बसतात. जवळ निरीक्षण विहीर नाही. अशा वेळी पंपिंग आणि रिकव्हरी एकत्र जुळवून T ची भरवशाची मर्यादा तरी ठरवता येईल का, आणि त्यासाठी S किती धरावा?