अनुभव धागा: एकाच घरातले ब्रँड, कोणता जपायचा, कोणता मिसळायचा, कोणता बंद करायचा?

नौपाडेकर

वागळे इस्टेटमधल्या एका मसालेवाल्या कुटुंबासाठी मी काम करते. त्यांची ओळख एका वाक्यात सांगता येते: डंक्यावर कांडलेला, आपल्या आगरी-कोळी आणि मालवणी घरांतला मसाला. पण गेल्या काही वर्षांत त्याच नावाखाली पास्ता मसाला आला, नूडल्सचा आला, मालवणी मसाल्याचे 'स्पेशल' आणि 'गोल्ड' असे दोन प्रकार झाले, पाच रुपयांची पुडी आली. मेतकूट आधीपासून होतंच. यातलं काय ठेवायचं, हे ठरवायला आम्ही बसलो. तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, दुकानात किंवा डीलरशिपमध्ये त्याचे परिणाम झेलले असतील, तर इथे सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

सगळी पाकिटं एका टेबलावर मांडली, किमती झाकल्या आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी काही जणींना बोलावलं. प्रश्न दोनच होते: हे सगळं एकाच कंपनीचं वाटतं का, आणि ही कंपनी कशात हुशार असेल? मेतकूट, गोडा आणि आगरी मसाला समोर असेपर्यंत उत्तरं झटपट आली. "घरच्यासारखं करणारे असणार." पास्ता मसाला सरकवल्यावर बायका थबकल्या. एकीने आगरी मसाल्याचं पाकीट पुन्हा उचललं, मागची बाजू वाचली आणि म्हणाली, "मग हाही फॅक्टरीतला तयार मसालाच का?" पास्ता मसाल्यामुळे आगरी मसाल्यावरचा विश्वास हलला, हे विक्रीच्या आकड्यांत कधीच दिसलं नसतं. पास्ता मसाला मेतकुटापेक्षा जास्त खपतो. तरी आम्ही मेतकूट ठेवलं आणि पास्ता, नूडल्स दोन्ही बंद करतोय. मेतकूट पाहूनच लोकांना बाकीचं खरं वाटतं.

अवघड होता तो 'गोल्ड'. 'स्पेशल' आणि 'गोल्ड' यांच्या मिरच्यांत फरक एवढाच की 'गोल्ड'मध्ये ब्याडगी थोडी जास्त, बाकी सारखंच. 'गोल्ड' बंद केला तर गिऱ्हाईक 'स्पेशल'कडे येईल की दुसऱ्या कंपनीकडे जाईल?

हिशोब असा केला. माल, पॅकिंग, डीलर-दुकानदाराचं मार्जिन आणि स्कीम वजा जाता 'गोल्ड'च्या पाकिटामागे 12 रुपये उरतात, 'स्पेशल'मागे 20. 'गोल्ड'ची 100 पाकिटं थांबली की 1200 रुपये गेले. त्यातल्या 60 जणांनी 'स्पेशल' घेतला तर 1200 रुपये परत आले. म्हणजे 60 ही आमची रेघ. शिवाय वेगळी डिझाइन, वेगळे छापील रोल वाचतात, त्यामुळे खरी रेघ जरा खालीच.

मग कळव्यात 'गोल्ड' देणं थांबवलं आणि ऐरोलीत चालू ठेवलं. दोन्हीकडे दुकानात जाऊन शिल्लक मोजली. कळव्यात 100 पैकी साधारण 70 गिऱ्हाइकं 'स्पेशल'वर आली. उन्हाळ्यात ही चाचणी घेऊ नका. मार्च ते मे घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तेव्हा पाकिटाची विक्री तशीही पडते आणि दोष भलत्यावर जातो.

घणसोलीचा एमबीए

इतका खटाटोप कशाला? सगळ्या मालाची विक्री उतरत्या क्रमाने लावा. वरचा पाचवा हिस्सा बहुतेक धंदा देतो, खालची शेपटी कापून टाका. जगभर हेच करतात. युनिलिव्हरने 2000 साली 1600 ब्रँडवरून 400 वर यायचं जाहीर केलं होतं.

निवृत्त वाशीकर

युनिलिव्हरचा दाखला बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. तेव्हा मी याच धंद्यात होतो. त्या योजनेत विक्रीची वाढ दरवर्षी 5 ते 6 टक्के व्हायची होती, ती काही ठरल्यासारखी आली नाही. ब्रँड कमी केल्याने खर्च आटोपशीर होतो, माणसांचं लक्ष एका जागी लागतं. पण उरलेला ब्रँड आपोआप वाढत नाही, त्याच्यावर पैसा आणि माणूस लावावा लागतो. बैठकीत अर्धा वेळ "काय बंद करायचं" यात जातो आणि "वाचलेलं कुठे लावायचं" हा कागद कोराच राहतो.

उतरत्या यादीचा दुसरा धोका म्हणजे ती फक्त आजची विक्री दाखवते, एक बंद केल्यावर मागणी कुठे जाईल ते नाही. कोका-कोलाने 1993 मध्ये पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा घेतले. गोल्ड स्पॉट मागे घेऊन फँटाला जागा करून दिली. थम्स अपलाही आधी मागेच ठेवलं होतं. पण थम्स अप पिणाऱ्याला तिखट, कडक चवच हवी होती, तो मुकाट्याने कोककडे वळणारा नव्हता. शेवटी त्याच्यावरच जोर लावावा लागला आणि 2021 मध्ये त्याची भारतातली वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. दोन्ही कोलाच, पण पिणाऱ्याच्या लेखी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नौपाडेकर ताईंची कळव्याची चाचणी नेमकं हेच तपासते, म्हणून मला ती पटली.

एक सुचवतो. चाचणी पहिल्या महिन्यात मोजू नका. दुकानात जुनी 'गोल्ड'ची पाकिटं पडलेली असतात, घरातल्या डब्यातही असतो. तो संपून पुन्हा खरेदीची वेळ येईपर्यंत आकडा खोटा असतो.

कोपरीची सुगरण

मला मार्केटिंगमधलं कळत नाही, पण चांगली गोष्ट बंद करू नका एवढं सांगायला आले. आमच्याकडे एका कंपनीचं थालीपीठ भाजणीचं छोटं पाकीट मिळायचं. आम्ही घरी दोघंच. एक दिवस दुकानदार म्हणाला, आता फक्त एक किलोचं येतं. एक किलो भाजणी आमच्याकडे जाळी धरते. मी भाजणी घेणंच सोडलं, आणि त्या कंपनीचं पोह्याचं पाकीटही. यादीत त्यांना वाटलं असेल, छोटं पाकीट कमी खपतंय.

आणखी एक. मी दुकानात कधी 'स्पेशल' किंवा 'गोल्ड' म्हणत नाही. "ते लाल पाकीट द्या" म्हणते.

नौपाडेकर

ताई, फार उपयोगाचं सांगितलंत. आमच्या सर्वेक्षणातही बऱ्याच जणी रंगाने मागतात असं दिसलं. म्हणून 'गोल्ड' 'स्पेशल'मध्ये मिसळताना पाकिटाचा लाल रंग तसाच ठेवतोय आणि वर एक पट्टी: "गोल्ड आणि स्पेशल आता एकच." ब्याडगीचं प्रमाण 'गोल्ड'कडे झुकवतोय, कारण ज्यांना बदलायला लावतोय त्यांना चव जवळची वाटली पाहिजे. 'स्पेशल'वाल्यांना फरक कळतो का, हे आंधळ्या चाखणीत पाहिलं. मटणाच्या रश्श्यात कळला नाही, नुसत्या सोलकढी-भातावर भुरभुरला तर काहींना कळला. त्यामुळे प्रमाण अजून थोडं मागे घेतलं.

ऐरोलीचा डीलर

माझी बाजू वेगळी आहे. पास्ता मसाला बंद करा, मला दुःख नाही. पण पाच रुपयांच्या पुडीला हात लावू नका. ताईंना वाटत असेल, पुडीमुळे कांडलेल्या मसाल्याची शान जाते. रबाळे, दिघ्याकडच्या छोट्या टपऱ्यांत मी पुडीवरच शिरतो. पुडी ठेवली की पुढच्या फेरीला शंभर ग्रॅमचं पाकीट मागतात. पुडी गेली तर ती दुकानं दुसऱ्याची होतील, आणि तुमच्या यादीत दिसेल फक्त पुडीची बारीकशी विक्री.

दुसरं, जुन्या मालाचं आधी ठरवा. मागे एका कंपनीने अचानक दोन प्रकार बंद केले. माझ्या गोदामात एक्सपायरीजवळचा माल, परत घ्यायला कुणी फोन उचलेना. पुढचे सहा महिने मी त्या कंपनीचा नवीन माल मांडलाच नाही.

घणसोलीचा एमबीए

वाशीकर काकांचं मान्य. तरी पुडीचा मुद्दा मला पटत नाही. प्रत्येक डीलर प्रत्येक मालाबद्दल हेच म्हणतो. पुडी घेणाऱ्या दुकानांपैकी किती दुकानं पुढे मोठं पाकीट घेतात, हे बिलांतून काढता येईल की.

ऐरोलीचा डीलर

काढतो. बिलं आहेत माझ्याकडे. पण टपरीवाला कधी माझ्याकडून घेतो, कधी कळव्याच्या होलसेलरकडून. सगळं त्यात दिसणार नाही.

घोडबंदरचा स्टार्टअप

प्रश्न जरा बाजूचा. आम्ही बाजरीची बिस्किटं करतो, तीन नावांनी ट्रेडमार्क घेतलेत. दोन नावं बंद करायचीत. ती नावं पुढे कायम आमचीच राहतील ना? दहा वर्षांची नोंदणी आहे.

निवृत्त वाशीकर

नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरणही होतं. पण नाव नुसतं कपाटात ठेवलं तर धोका आहे. ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 47: नोंदणी झाल्यापासून सलग पाच वर्षं वापर झाला नसेल, तर दुसरा कुणी ते नाव काढून टाकायला अर्ज करू शकतो. मोजणी अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांपर्यंत होते, म्हणजे अर्जाची चाहूल लागल्यावर घाईने दोन खोकी विकून भागत नाही. ज्या नावाबद्दल शत्रूच्या हाती जाऊ नये असं वाटतं, ते एखाद्या खऱ्या, चालू मालावर ठेवा. बारकावे वकिलाला विचारा.

नौपाडेकर

डीलर दादा, जुन्या मालाचं तुम्ही म्हणता तसंच ठरवलंय. आधी छापील रोल मोजले, कारण प्रत्येक डिझाइनचा प्रत्येक रंगाचा सिलेंडर वेगळा आणि छपाईवाला ठरावीक वजनाखाली रोल करत नाही. 'गोल्ड'चा शेवटचा रोल संपेल तेव्हाच उत्पादन थांबेल, नवीन रोलची ऑर्डर आत्ताच बंद केली. तारीख डीलरना दोन महिने आधी लेखी कळवणार, आणि त्या तारखेनंतर गोदामात उरलेला माल कंपनी बिलाच्या किमतीला परत घेणार. वाचलेले पैसे आगरी मसाल्यावर लावायचं ठरलंय: बेलापूर ते ऐरोली दुकानांत मांडणी आणि मासळी बाजारांजवळ चाखणी.

पुडीचं घरात अजून एकमत नाही. धाकट्या भावाला ती हवी आहे, थोरल्या वहिनींना नको. एक मधला विचार असा की पुडीवर 'कांडलेला' हा शब्द नको, नाव वेगळं, आणि खाली कंपनीचं नाव बारीक. पण वेगळं नाव दिलं तर टपरीवाला तिच्यावरून आमच्या मोठ्या पाकिटाकडे येईल का? दादांनी बिलं पाठवली की आधी रबाळ्याची दुकानं वेगळी काढून पाहते. कुणी अशी पुडी वेगळ्या नावाने चालवली असेल तर लिहा.