मदत हवी आहे: भावाच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज, ९ लाख घ्यावं की साडेसातवर थांबावं?

रेवा_के

धाकट्या भावाला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फी आणि वसतिगृह धरून चार वर्षांचा खर्च साधारण ९ लाख. एका सरकारी बँकेत चौकशी केली. त्यांचं म्हणणं, साडेसात लाखांपर्यंत तारण लागणार नाही, ९ लाख हवे असतील तर तारण द्या. आमच्याकडे आहे ती शेतजमीन, तीही काकांसोबत सामाईक, आणि गावातलं घर. बाबा शेती करतात, त्यांचं पीककर्ज मध्ये थकलं होतं, आता भरलंय. मी नोकरी करते, पगार बरा आहे.

माझे प्रश्न:
१. ९ लाखांसाठी सातबारा तारण म्हणून चालेल का?
२. सहअर्जदार बाबा की मी? मला दोन वर्षांनी गृहकर्ज घ्यायचंय.
३. शिक्षण चालू असताना हप्ता नाही म्हणतात, मग त्या काळात व्याजाचं काय होतं? बँकेतल्या मुलाने "मोरॅटोरियममध्ये काही भरायचं नाही" एवढंच सांगितलं.

कॉलेज पीएम-विद्यालक्ष्मीच्या यादीत नाही, ते पाहून झालंय.

कट्टेकरी

पूर्ण ९ लाख घ्या. साडेसात घेऊन उरलेले कुठून आणणार? शिक्षण संपेपर्यंत बँक व्याज घेत नाही, म्हणजे पैसा फुकटच वापरायला मिळतो. नोकरी लागली की सहा महिन्यांनी हप्ते सुरू. शिवाय ताई, तुम्ही सहअर्जदार झालात तर ८०ई खाली टॅक्सही वाचेल.

निवृत्त_कर्जविभाग

कट्टेकरी, हप्ता घेत नाही हे बरोबर. व्याज मात्र पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चालू होतं. ८०ई कडे नंतर येतो.

रेवाताई, आधी तिसरा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचा निर्णय सोपा होईल.

बँक सगळे पैसे एकदम देत नाही. दरवर्षी किंवा दर सत्राला कॉलेजच्या खात्यात भरते, आणि जेवढे गेले तेवढ्यावरच व्याज लागतं. समजा कर्ज ७.५ लाख आणि दर १० टक्के. पहिल्या वर्षी २,१०,००० गेले, पुढची तीन वर्षं दरवर्षी १,८०,०००. मोरॅटोरियम म्हणजे अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष, तुमच्याकडे पाच वर्षं. पहिल्या रकमेवर पाच वर्षांचं व्याज १,०५,०००, दुसरीवर चार वर्षांचं ७२,०००, तिसरीवर ५४,०००, चौथीवर ३६,०००. बेरीज २,६७,०००.

हे सरळ व्याज आहे. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत मोरॅटोरियमभर सरळ व्याजच धरतात. पण पाच वर्षं संपली की ते मुद्दलात मिळवतात आणि हप्ता १०,१७,००० वर बसतो. दहा वर्षांची परतफेड धरली तर महिना साधारण १३,४४०. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात तर हप्ता ७.५ लाखांवर बसेल, म्हणजे सुमारे ९,९१०. महिन्याला साडेतीन हजारांचा फरक, दहा वर्षांत सव्वाचार लाखांच्या घरात. आज २,६७,००० भरून पुढचे सव्वाचार लाख वाचतात असं समजा. पैसे आधी भरताय हे खरं, पण १० टक्क्यांनी खात्रीने पैसा वाढवणारी जागा तुमच्याकडे नसेल तर भरणंच शहाणपणाचं.

भरायचं किती? पहिल्या वर्षी महिना १,७५०, दुसऱ्या वर्षी ३,२५०, तिसऱ्या वर्षी ४,७५० आणि पुढची दोन वर्षं ६,२५०. पूर्ण जमलं नाही तर निम्मं भरा, तेवढं तरी मुद्दलात जाणार नाही. नियमित व्याज भरणाऱ्याला काही बँका त्या काळापुरती दरात १ टक्का सवलत देतात. मंजुरीपत्रात तसं वाक्य आहे का ते बघून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि "नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी" ही जुन्या पत्रांतली अट. आता बहुतेक ठिकाणी सरळ एक वर्ष असतं, तरी तुमच्या पत्रात जे छापलंय तेच चालणार.

रेवा_के

बाप रे. २,६७,००० हा आकडा कुणीच सांगितला नव्हता. सरळ व्याज लावताहेत की चक्रवाढ, हे आपल्याला कसं कळणार?

निवृत्त_कर्जविभाग

खात्याचा उतारा काढा. मधे नवीन रक्कम गेलेली नाही असे दोन महिने निवडा, दोन्ही ३१ दिवसांचे. म्हणजे ऑगस्ट आणि त्यानंतरचा मार्च. २,१०,००० वर १० टक्क्यांनी दोन्ही महिन्यांत १,७८४ च्या आसपास व्याज दिसलं तर सरळ. मार्चमध्ये १,८९० च्या जवळ गेलं असेल तर व्याजावर व्याज चढतंय. मधे दर बदललाय का तेवढं तपासा, शैक्षणिक कर्जाचा दर सहसा बदलता असतो. काही बिगर-बँक वित्त कंपन्या मोरॅटोरियममध्येही चक्रवाढ लावतात, त्यांची पत्रं दोनदा वाचावीत.

सातबारा_आठअ

तारणाचं मी सांगतो, आमच्याकडे यातच जून-जुलै गेले. शेतजमीन देऊ केली तर बँक बहुतेक वेळा नाही म्हणते. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता मालमत्ता ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा बँका वापरतात तो शेतजमिनीला लागू नाही. मग बँकेला त्या कागदाचा उपयोग काय? त्यात तुमची सामाईक, म्हणजे काकांची सही आली, वाटणीचा विषय निघाला, आणि एकदा तो घरात निघाला की कर्ज बाजूलाच राहतं.

गावातल्या घराचंही तसंच. आमच्याकडे फक्त ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा होता. बँकेच्या वकिलाने तो बघितला आणि मालकीचा पुरावा म्हणून पुरेसा नाही असा शेरा मारला. वकिलाची आणि मूल्यांकनाची फी मात्र आम्हीच भरली. शेवटी आत्याची मुदत ठेव तारण ठेवली, तिचं काम दोन दिवसांत झालं.

निवृत्त_कर्जविभाग

अगदी हेच. ठेव किंवा चांगली सरेंडर किंमत असलेली विमा पॉलिसी हे बँकेचं आवडतं तारण. ना वकील, ना मूल्यांकन.

म्हणून रेवाताई, माझं मत साडेसातवर थांबा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी योजना आहे, बँकेचा काही भाग तिथून सुरक्षित होतो, म्हणून तारण मागत नाहीत. एक रुपया वर गेलात की अख्खं कर्ज त्या योजनेबाहेर. वरच्या दीड लाखापुरतं तारण द्या असं नसतं. आणि "आता साडेसात घेऊ, तिसऱ्या वर्षी वाढवून घेऊ" असा विचार असेल तर वाढवताना तारणाचा प्रश्न पुन्हा दारात येतो.

उरलेले दीड लाख चार वर्षांत विभागले तर वर्षाला ३७,५०० होतात. तुमच्या पगारातून ते झेपत असतील तर तारणाची गरजच नाही. तसंही ४ लाखांच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के स्वतःचे घालावे लागतात, ते यातच धरले जातील.

शुभदा_पी

माझ्या मुलीला परदेशी एमएससाठी ३० लाख हवेत, फ्लॅट तारण ठेवला तर किती दर लागेल?

सातबारा_आठअ

शुभदाताई, वेगळा धागा काढाल का? इथे मिसळलं तर दोघींचंही नीट होणार नाही.

रेवा_के

पटलं. साडेसातच घेऊ. मग सहअर्जदार कोण? बाबांच्या सिबिलची भीती वाटते. आणि ८०ई?

निवृत्त_कर्जविभाग

८०ई आधी. ती वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर मिळते. कायदेशीर पालक असाल तर त्या विद्यार्थ्यासाठीही. भाऊ त्यात नाही. म्हणजे व्याज तुम्ही भरलं तरी तुम्हाला वजावट नाही. नवीन करप्रणालीत असाल तर प्रश्नच नाही, तिथे ८०ई नाहीच. भाऊ पुढे स्वतः व्याज भरेल तेव्हा जुन्या प्रणालीतून तो घेऊ शकेल.

सहअर्जदार म्हणून बँकेला पहिल्यांदा आई किंवा वडील हवे असतात. तुम्ही आलात तर हे कर्ज तुमच्या सिबिलवरही दिसेल. गृहकर्जाच्या वेळी समोरचा अधिकारी हप्ता सुरू झालेला नसला तरी तो मनात धरतो. तेरा हजारांचा हप्ता म्हणजे तुमच्या गृहकर्जातून लाख-सव्वालाख नाही, चांगले दहा-बारा लाख कमी होऊ शकतात. बाबांचा सिबिल अहवाल आधी काढून बघा. पीककर्ज पूर्ण भरून बंद झालं असं दिसतंय की तडजोडीने मिटलं असं, यावर बरंच अवलंबून आहे.

कट्टेकरी

८०ई चं मला माहीत नव्हतं. पण आईला सहअर्जदार करा ना. तिच्या नावावर कर्जच नसेल तर सिबिल खराब कसं असेल?

निवृत्त_कर्जविभाग

सुचवलंत ते बरोबर आहे. मात्र सिबिल कोरं आहे पण उत्पन्नही नाही, असं असेल तर काही शाखा घेतात, काही नाही. ते शाखाधिकाऱ्यावर आहे, मी इथून खात्रीने सांगणार नाही.

गणपुले_जी

काका, एक विचारू? माझ्या पुतण्याचं एक वर्ष गेलं. अभ्यासक्रम चारऐवजी पाच वर्षांचा झाला, पण मोरॅटोरियम जुन्या तारखेलाच संपतंय. हप्ता सुरू झाला तर तो भरणार कुठून?

निवृत्त_कर्जविभाग

मुदत संपायच्या आधी लेखी अर्ज करा, कॉलेजचं बोनाफाईड आणि गुणपत्रिका जोडून. वाजवी कारण असेल तर दोन वर्षांपर्यंत वाढ देता येते, पण ती आपोआप मिळत नाही. हप्ता थकल्यावर अर्ज केलात तर तोपर्यंत सहअर्जदाराच्या सिबिलवर नोंद गेलेली असते.

रेवा_के

बाबांचा सिबिल अहवाल काढला. पीककर्जासमोर "तडजोड" असंच लिहिलंय, आम्ही तर व्याजासकट भरलं होतं. त्याची पावती घरी आहे. उद्या त्या बँकेत नोंद दुरुस्त करायचा अर्ज देते. शैक्षणिक कर्जाचा अर्ज ती दुरुस्ती होईपर्यंत थांबवावा की आईच्या नावाने आताच टाकावा? पहिल्या सत्राची फी भरायला तीनच आठवडे उरलेत.

सातबारा_आठअ

आईच्या नावाने आताच टाका. दुरुस्तीला आमच्याकडे महिन्याच्या वर गेला होता, आणि कॉलेज तेवढं थांबत नाही. जमलं तर पहिलं सत्र स्वतः भरून पावती सांभाळून ठेवा, काही बँका नंतर ती रक्कम परत देतात. तुमची देते का ते अर्ज देतानाच विचारा.