मदत हवी आहे: एका कार्डावर दोघांना मेट्रोच्या गेटमधून जाता येत नाही का?

सिडकोवाला: आईला घेऊन परगावी मेट्रोने गेलो. कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, आईला पुढे पाठवलं. माझ्यासाठी तेच कार्ड पुन्हा टेकवलं तर लाल दिवा! कार्डात १८० रुपये होते. आईच्या वेळी एक रुपयाही कापला नाही, मग मला का अडवलं? आपल्याकडे कंडक्टरला दोन बोटं दाखवली की काम होतं.

पंचवटीकर: नेट गेलं असेल. गेट बँकेला विचारतं, बँक पैसे कापते.

इंदिरानगरची मावशी: माझं अ‍ॅपवरून केलेलं रिचार्ज गेटवर दिसलंच नाही! पैसे बुडाले का?

फाटकवाला: गेट बसवायच्या कामावर मी काही वर्षं होतो, म्हणून सांगतो. पंचवटीकर, क्रेडिट कार्ड असेल तर पैसे बँक कापते हे बरोबर, पण तेही नंतर. आणि रुपेचं एनसीएमसी कार्ड असेल तर प्रवासाचे पैसे कार्डातल्या चिपमध्येच असतात. गेट त्या क्षणी बँकेला विचारत बसत नाही.

आत जाताना गेट शिल्लक पुरेशी आहे ना एवढं बघतं आणि चिपवर लिहितं: अमुक स्टेशन, अमुक वेळ, माणूस आत. तुम्ही कुठे उतरणार ते त्याला कसं कळणार? म्हणून पैसे तेव्हा कापत नाहीत. बाहेरचं गेट ती नोंद वाचतं, स्वतःजवळच्या तक्त्यात दोन स्टेशनांचं भाडं बघतं. समजा ३० निघालं, तर १८०चे १५० करतं आणि नोंद मिटवतं.

चिपवर अशी एकच नोंद मावते. आई आत गेल्यावर कार्डाच्या लेखी 'माणूस आत आहे'. तोच माणूस पुन्हा आत कसा येईल? म्हणून लाल दिवा.

मावशी, पैसे बुडाले नाहीत. ते चिपपर्यंत पोचलेले नाहीत. स्टेशनवरच्या मशीनवर किंवा काउंटरवर कार्ड लावून शिल्लक अपडेट करून घ्या.

सिडकोवाला: खरं सांगू का, मी आईच्या मागोमाग तसाच घुसलो. उतरल्यावर कार्डावर आई बाहेर पडली आणि मी आत अडकलो.

फाटकवाला: अडकणारच. आईच्या टॅपने नोंद मिटली, तुमची कधी नव्हतीच. काउंटरवर जावं लागलं ना?

सिडकोवाला: हो, दंड भरला. आई अजून हसतेय.

गंगापूररोड: लंडनला माझा भाऊ उलटा फसला. आत फोन, बाहेर तेच क्रेडिट कार्ड. दोन वेळा कमाल भाडं! खातं एकच होतं की.

फाटकवाला: तिथे हिशोब मागे सर्व्हरवर, दिवसभराचे टॅप जोडून होतो. पण फोनमधल्या कार्डाला वेगळा नंबर असतो. सर्व्हरला दोन प्रवासी दिसले, दोघांचाही प्रवास अर्धवट.

पंचवटीकर: मग दोघांसाठी फोनवर क्यूआर तिकिटं काढली तर?

फाटकवाला: चालतील. प्रत्येकाचा क्यूआर वेगळा आहे ना, तेवढं बघा.

सिडकोवाला: आणि दंडाचा आकडा कशावरून ठरतो?

फाटकवाला: ते प्रत्येक मेट्रोचं वेगळं. पावतीवर काय लिहिलंय?

सिडकोवाला: पावती आईच्या पर्समध्ये. विचारायची हिंमत नाही.